पन्नास सेकंदांना एक प्लेट

पहिल्या वर्षी, पहिल्याच संध्याकाळी, डोंबिवलीच्या त्या दोन जावांनी खाण्याच्या रांगेतल्या सहा स्टॉलचे दिवे घालवले. स्टॉलच्या भाड्यात विजेचा पाच अँपिअरचा एक पॉइंट मिळाला होता. २३० व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे साडेअकराशे वॉट, आणि त्यावर एक हॅलोजन आधीच जळत होता. धाकटीनं घरून आणलेली दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी त्याच पॉइंटला लावली. खट्कन आवाज झाला आणि मोमोवाला, पाणीपुरीवाला, भाजलेलं कणीस विकणारा, सगळेच अंधारात गेले. पुढची पंधरा मिनिटं आयोजकांचा वायरमन पेटी शोधत होता आणि शेजारी ओळीनं येऊन विचारत होते, "ताई, तुम्ही काय लावलंत?"

इंडक्शन आणायचं कारणही तिथंच घडलं होतं. घरातला लाल सिलिंडर रिक्षातून आणला होता, तो फाटकावरच्या स्वयंसेवकानं आत येऊ दिला नाही. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, धंद्याला १९ किलोचा निळा लागतो, हे दोघींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण तीन दिवसांसाठी कोण विचारतंय, असं वाटलं होतं. शेवटी एका केटररकडून निळा सिलिंडर भाड्यानं मिळाला तेव्हा साडेसात वाजून गेले होते, आणि प्रदर्शनातली शुक्रवारची निम्मी गर्दी दुसऱ्यांच्या स्टॉलवर जेवून घरी निघाली होती.

ठाण्यातल्या एका मैदानावरचं हे तीन दिवसांचं प्रदर्शन. शुक्रवार ते रविवार, साड्या, मातीचे दिवे, लोणची, आयुर्वेदिक तेलं, आणि मागच्या बाजूला खाण्याचे वीस-बावीस स्टॉल. दहा बाय दहा फुटांच्या स्टॉलचं भाडं अठरा हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये, शिवाय तीन हजार अनामत. त्या पैशांत दोन टेबलं, दोन खुर्च्या, तो एक पॉइंट आणि पायाखाली हिरवी मॅट. तिसरं टेबल हवं असेल तर वेगळे पैसे. एफएसएसएआयच्या नोंदणीची प्रत अर्जासोबत जोडायची होती, ती जोडली होती. अर्ज भरताना थोरलीनं मनाशी एक साधा भागाकार केला होता: एकवीस हजार भागिले तीन, दिवसाला सात हजार. दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत दहा तास. तासाला सातशे. जमेल की.

हा भागाकार चुकीचा होता. गणितात चूक नव्हती, पण भाजक चुकला होता. प्रदर्शनाचा दिवस दहा तासांचा असतो, पण खाण्याच्या स्टॉलचा दिवस तीन तासांचाच असतो. दुपारी माणसं तुरळक येतात, उन्हाला कंटाळतात, पाणी पिऊन जातात. चार वाजता आया मुलांना घेऊन येतात आणि मुलं पॉपकॉर्न मागतात. लोक आधी सगळ्या साड्या हाताळून घेतात, मग त्यांचे पाय दुखतात, मग भूक लागते, आणि ती सगळ्यांना एकदमच लागते. साडेसहाला जी रांग सुरू होते ती साडेनऊला ओसरते. स्टॉलमालक भाडं दिवसाचं भरतो आणि धंदा मात्र त्या १८० मिनिटांत करतो. त्या १८० मिनिटांत आपल्या हातून किती प्लेटा बाहेर पडू शकतात, या एका प्रश्नावर बाकी सगळं उभं असतं: पाटीवर काय लिहायचं, कढई केवढी घ्यायची, पैसे कोणी घ्यायचे, किंमत किती ठेवायची.

पहिल्या वर्षीच्या पाटीवर सात पदार्थ होते. थालीपीठ-लोणी, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, मिसळ, आंबोळी, पुरणपोळी आणि कोकम सरबत. पाटी सुंदर होती, धाकटीच्या मुलीनं रंगवलेली. सातही पदार्थ दोघींना उत्तम येत होते, आणि घोळ नेमका त्यामुळेच झाला. उत्तम येणारी गोष्ट पाटीवरून काढायला मन धजत नाही.

शनिवारी सात वाजता काय झालं ते बघण्यासारखं होतं. रांगेतल्या पहिल्या बाईंनी दोन थालीपीठं मागितली. तव्यावर थालीपीठ व्हायला पाच-सहा मिनिटं, आणि घाई केली की मधे कच्चं. त्यांच्या मागच्या गृहस्थांना आंबोळी हवी होती, पण तवा अडलेला. त्यांच्या मागच्या मुलीला साबुदाणा वडा, तिच्या भावाला कोथिंबीर वडी; कढई एक, आणि वड्याला लागते ती आच वडीला लागत नाही. मिसळ तयार होती, पण मिसळवाला माणूस रांगेत सातवा होता आणि त्याच्यापर्यंत पोचायला आधीचे सहा निकालात निघायला हवे होते. शिवाय प्रत्येक जण पाटीसमोर उभा राहून सात ओळी वाचत होता, बायकोला विचारत होता, "थालीपीठ तिखट असतं का हो?" असंही विचारत होता. पाटीवरच्या प्रत्येक जादा ओळीचे दहा-पंधरा सेकंद रांगेतल्या प्रत्येक माणसाला मोजावे लागतात. ते विकणाऱ्याला दिसत नाहीत, कारण त्याची मान तव्यात असते.

दर अडीच मिनिटांना एक गिऱ्हाईक सुटत होतं. तीन तासांत बहात्तर. लोक चिडले नाहीत, नुसते निघून गेले, आणि निघून जाणाऱ्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. तीन दिवसांची विक्री २५,६०० रुपये. भाडं २१,२४०, सामान दहा हजार चारशे, टेम्पो अठ्ठावीसशे, गॅस-प्लेटा-वरचा खर्च एकोणीसशे. तोटा १०,७४०. उरलेलं मिसळीचं फरसाण घरात मकरसंक्रांतीपर्यंत पुरलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा जायचं की नाही यावर घरात जी चर्चा झाली तिच्यात सासरे, म्हणजे अण्णा, बोलले. ते एसटीत कंडक्टर होते. तिकिटाचं यंत्र हातात येण्याआधीची त्यांची बहुतेक नोकरी: कागदी तिकिटांच्या गड्ड्यांचा ट्रे, चिमटा, चामड्याची पिशवी आणि वेबिल. अण्णांनी जमाखर्चाची वही बघितली आणि विचारलं, "सात वाजता गाडीत उभं राहायला जागा नव्हती म्हणता, मग तिकिटं बहात्तरच कशी फाटली?"

त्या प्रश्नापासून दुसरा हिशेब सुरू झाला. भाडं वाढलं होतं: वीस हजार, जीएसटी धरून २३,६००. थोरलीनं कोथिंबीर वडीच्या एका प्लेटचा खर्च काढला. कोथिंबीर, बेसन, तेल, चटणी, प्लेट मिळून चौदा रुपये. पन्नासला विकली तर हातात छत्तीस राहतात. २३,६०० भागिले छत्तीस: ६५६. साडेसहाशेहून जास्त प्लेटा गेल्या की नुसतं भाडं फिटतं. टेम्पो, गॅस, मदतनीस हे सगळं त्याच्यापुढे. ६५६ प्लेटा तीन दिवसांत, दिवसाला २१९. आणि धंदा तीन तासांचा. १८० मिनिटांत २१९ प्लेटा म्हणजे पन्नास सेकंदांना एक. हा आकडा अण्णांनी खडूनं स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून ठेवला. मैदानाच्या मालकीचा, आयोजकांच्या जाहिरातीचा, हिरव्या मॅटचा सगळा खर्च शेवटी इतक्या सेकंदांत येऊन बसतो. भाडं महाग की स्वस्त याचं उत्तर रुपयांत देता येत नाही. ज्याच्या हातून पंधरा सेकंदांना प्लेट सुटते त्याला तेच भाडं स्वस्त असतं.

आता पाटीवर काय ठेवायचं ते आपोआप ठरत गेलं, तरी रडारड झालीच. थालीपीठ गेलं, कारण ते तव्यावर सहा मिनिटं बसतं. आंबोळी त्याच कारणानं गेली. साबुदाणा वडा कढईत वडीशी भांडतो म्हणून गेला. मिसळ वाढायला पटकन होते, पण ती खायला टेकायला जागा लागते, एका हातात वाटी, एका हातात पाव, पिशव्या कुठं ठेवायच्या? लोक स्टॉलसमोरच रेंगाळतात आणि मागच्यांची वाट अडते. राहिले तीन: कोथिंबीर वडी, पुरणपोळी, कोकम सरबत. एक कढईचा, एक तव्याचा, एक विस्तवाला न शिवणारा. तिघांची चूल वेगळी, म्हणून एकाची रांग दुसऱ्यामुळे खोळंबत नाही. आणि तिन्हींचं अवघड काम आदल्या रात्री, घरी, भाडं नसलेल्या जागेत होऊन जातं.

जत्रांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडीदेवीच्या जत्रेत खाज्याची दुकानं ओळीनं लागतात. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गुळाचा आणि आल्याचा पाक. त्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीच्या कौलानं ठरते, म्हणजे दुकानदाराला तयारीचे दिवसही आधी फार मोजता येत नाहीत. खाजा मात्र अगोदर करून ठेवता येतो, दिवसचे दिवस टिकतो, आणि जत्रेत काम उरतं ते तराजूत टाकायचं. तिथं कुणी गरमागरम काही करून देण्याच्या भानगडीत पडत नाही.

याला उलटा दाखलाही आहे, आणि तो न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये खानदेशातल्या बचत गटांच्या बायका पुरणाचे मांडे करतात. हातावर फिरवत फिरवत पोळी रुमालासारखी पसरायची आणि उपड्या खापरावर टाकायची. हे काम सावकाश आहे, आणि तरी तिथं गर्दी होते, कारण ते बघायलाच माणसं थांबतात. हातावर मांडा फिरतो तेव्हा रांगेतला माणूस घड्याळ बघत नाही. सावकाश पदार्थ चालतो, पण मग तो डोळ्यांना धरून ठेवणारा हवा आणि त्याची किंमत त्या वेळेला पुरी पडणारी हवी. थालीपीठ थापताना बघायला कुणी तिकीट काढत नाही.

कोथिंबीर वडीचं काम शुक्रवारच्या आदल्या दिवशी कल्याणच्या बाजार समितीत पहाटे सुरू झालं. डिसेंबरात कोथिंबीर स्वस्त आणि दांडगी असते. जुड्या निवडून, धुऊन, पंख्याखाली चादरीवर रात्रभर पसरल्या. हे वाळवणं टाळलं तर सगळं बिघडतं. ओल्या कोथिंबिरीचं पाणी पिठात उतरतं, पीठ सैल होतं, मग सावरायला बेसन वाढवावं लागतं आणि वडी दगडासारखी होते. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तीळ, आलं-मिरची, हिंग, चिंचगुळाचं पाणी; लोळ वळून वीस मिनिटं वाफवायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम लोळ सुरीखाली चुरा होतो. एका लोळाचे वीस तुकडे, म्हणजे चार प्लेटा. शनिवारसाठी पासष्ट लोळ.

तरी कढईचं गणित उरलंच होतं. घरातल्या शेगडीवर मोठी कढई ठेवली तर तेल तापतं, पण तीस वड्या सोडल्या की गार पडतं आणि परत तापायला वेळ लावतं. गार तेलात वडी तेल पिते, कागदावर ठेवली की डाग पसरत जातो, त्यावरून लगेच कळतं. म्हणून या वेळी निळ्या सिलिंडरवर चालणारी भट्टी आणली. कच्च्या वडीचा तीस तुकड्यांचा घाणा भरून, तळून, निथळून निघायला चार मिनिटं, म्हणजे तासाला नव्वद प्लेटा. हिशेबात बसत होतं, पण काठोकाठ. तेव्हा थोरलीला शेव-पापडीच्या हलवायाकडं बघितलेली गोष्ट आठवली. चार ते सहा या रिकाम्या वेळात वड्या एकदा तळून घ्यायच्या, फिक्या, बुडबुडे जोरात असतानाच काढायच्या. मग गर्दीच्या वेळी त्याच वड्या तापलेल्या तेलात पुन्हा सोडायच्या. भरणं, निथळणं धरून घाणा अडीच मिनिटांत बाहेर. सहा प्लेटा अडीच मिनिटांत, म्हणजे साधारण पंचवीस सेकंदांना एक. आणि अर्धवट तळून पुन्हा तळलेली वडी अधिक खुसखुशीत होते, हा फायदा फुकटचा.

पुरणपोळ्या घरी लाटून भाजून, मलमलच्या कापडात घड्या घालून डब्यात. स्टॉलवर तव्यावर अर्धा मिनिट गरम करायची, वर तुपाची धार. सरबताचा आगळ बाटल्यांत, जिऱ्या-साखरेसकट. स्टॉलवर नुसतं पाणी घालायचं.

आता राहिले पैसे, आणि पैशांवर अण्णा बसले.

त्यांची पहिली अट: ज्याचा हात पैशाला लागेल त्याचा खाण्याला लागणार नाही. दुसरी: पैसे आधी, तिकीट हातात, मग कढईपाशी. तीन रंगांची छापील क्रमांकांची कुपनं आणली, वडीचं हिरवं, पोळीचं पिवळं, सरबताचं गुलाबी. टेबलाच्या एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला धाकटी; मधे चार फूट. धाकटी कुपन घेऊन खिळ्याला टोचते आणि प्लेट देते. रांगेचे दोन तुकडे झाले. पहिला तुकडा सतत सरकत राहतो, आणि लोक रांगेत उभं राहायचं की नाही हे डोकी मोजून ठरवत नाहीत, रांग सरकते का ते बघून ठरवतात. बारा माणसांची सरकती रांग चार माणसांच्या थिजलेल्या रांगेपेक्षा बरी वाटते. कुपन हातात पडलं की माणूस तसाही पळून जात नाही.

पण ही युक्ती उलटू शकते, आणि शनिवारी उलटलीच. साडेसातच्या सुमाराला अण्णा रंगात आले होते आणि कुपनं फाडत सुटले होते. कढईपाशी हिरवी कुपनं धरलेले एकोणीस हात जमले. सगळे एकाच वेळी पुढं. "आमचं आधीचं आहे", "माझा लहान मुलगा आहे", वगैरे. एकोणीस प्लेटा आणि मिनिटाला जेमतेम अडीच, म्हणजे शेवटच्या माणसाला आठेक मिनिटं. अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांचा एक नियम सिद्ध केला आहे, की थांबलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. धाकटीनं लिटल वाचलेले नव्हते. तिनं देवघरातून आणलेली पितळी घंटा उचलली, जी अण्णांनीच सकाळी, कशाला लागेल कोण जाणे म्हणत, टेबलावर ठेवायला लावली होती, आणि एकदाच वाजवली.

एसटीत एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चल. अण्णांचा हात जागच्या जागी थांबला. समोरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी फार सावकाशपणे सुट्टे मोजून दिले, चष्मा काढला, पुसला, डोळ्यांना लावला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. पुढच्याला म्हणाले, "काय साहेब, ठाण्यातच राहता का?" तीन-चार मिनिटांत दोन घाणे उतरले असतील नसतील, टिंग टिंग झालं आणि कुपनं पुन्हा फाटू लागली. त्या संध्याकाळी अशा घंटा पाच वेळा झाल्या. रविवारी दोन वेळा. शेजारचा मोमोवाला म्हणाला, "अंकल, ये बेल किसलिए?" अण्णा म्हणाले, "गाडी है।"

किमतींवरूनही घरात वाद झाला होता. वडीच्या प्लेटमध्ये सहा तुकडे आणि साठ रुपये, असं थोरलीचं मत. अण्णांनी सहावा तुकडा काढला आणि पन्नास केले. पोळी पन्नास, सरबत तीस. हे तीन आकडे साधे दिसतात, पण त्यांच्यामागं जन्मभर सुट्ट्यांसाठी भांडलेला माणूस आहे. पन्नास, ऐंशी, शंभर, एकशेतीस अशा रकमांना शंभराच्या नोटांतून परत द्यायचे पैसे वीस आणि पन्नासच्या नोटांनी भागतात. दहाची नोट लागते ती जवळजवळ एकाच प्रसंगी, कुणी एकदम तीन सरबतं मागितली आणि नव्वद झाले तर. त्याच सहा तुकड्यांच्या साठ रुपयांना तीस रुपयांचं सरबत जोडलं असतं, तर प्रत्येक जोडीला नव्वद झाले असते आणि दहाच्या नोटा तासाभरात संपल्या असत्या. एकेकाळी अण्णांनी उरलेले पैसे तिकिटाच्या मागं लिहून दिले आहेत आणि उतरताना त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. त्यांना तो प्रसंग पुन्हा नको होता.

बँकेतून त्यांनी तीन हजारांचे सुट्टे आणले: वीसच्या साठ, पन्नासच्या वीस, शंभरच्या आठ. हे पैसे विक्रीत धरायचे नाहीत, रात्री आधी बाजूला काढायचे. गल्ल्याचा डबा ठेवला नाही, कमरेला पिशवी बांधली. डबा टेबलावर असला की टेबल सोडून जाता येत नाही आणि गर्दीत नजर त्याच्यावरच राहते. पाचशेची नोट आली की ती लगेच पिशवीत टाकायची नाही, मोड मोजून हातात देईपर्यंत टेबलावर, बरणी ठेवून दाबून ठेवायची. "मी पाचशे दिले होते" हा वाद नोट दिसत असेल तर सुरूच होत नाही. शंभराच्या नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यांत. सून म्हणाली, "अण्णा, पिशवी आहे ना?" पण बोटांना सवय.

क्यूआर कोडचं काय, हा प्रश्न होताच. निम्म्याहून अधिक लोक फोननंच देतात, आणि दिवसभर ते बरंही असतं, सुट्ट्यांचं काम वाचतं. पण संध्याकाळी आठला मैदानावर हजारो फोन एका टॉवरवर लटकलेले असतात. चक्र फिरत राहतं, माणूस फोन उंच धरतो, बायकोचा फोन मागतो, मागचे उसासे टाकतात. रोखीला बारा-पंधरा सेकंद लागतात, अडकलेल्या फोनला मिनिट. पैसे आल्याचं बोलून सांगणारी ती डबीसुद्धा नेटवर्कवरच चालते, तीही मुकी होते. कोड मग टेबलावरून उचलून रांगेत सहा फूट मागं, बांबूला, किमतींच्या पाटीखाली बांधला, म्हणजे फोनचं चाचपडणं अण्णांच्या समोर न होता मागं होऊन जातं. आणि डबी बोलल्याशिवाय कुपन नाही, स्क्रीनवरची हिरवी खूण चालणार नाही. (खातं कुणाचं जोडायचं यावर दोन्ही जावांत आठवडाभर गोड बोलणी झाली. शेवटी अण्णांचं पेन्शनचं खातं जोडलं.)

रात्री दहाला, मैदानाचे मोठे दिवे बंद झाल्यावर, अण्णांनी वहीत वेबिल भरलं. वेबिलाचं तत्त्व सोपं आहे. कंडक्टर पैसे मोजून तिकिटांचा अंदाज करत नाही, तो गड्डीवरचा पहिला आणि शेवटचा क्रमांक लिहितो, वजाबाकी करतो, आणि पैसे त्या वजाबाकीशी जुळावेच लागतात. शनिवारची वजाबाकी: वडी २६०, पोळी ९०, सरबत ८०. एकूण १९,९०० रुपये. फोनवर आलेले ११,४५०. पिशवीत, सुट्ट्यांचे तीन हजार वगळून, ८,४००. बेरीज १९,८५०.

पन्नास रुपये कमी.

"जाऊ दे हो अण्णा," थोरली म्हणाली. अण्णांनी जाऊ दिलं नाही. फोनमधल्या नोंदी वेळेप्रमाणे वाचून काढल्या. आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपास, चष्मा पुसण्याच्या नाटकात, एका मुलीनं स्क्रीन दाखवली होती, डबी बोलली नव्हती, आणि त्यांनी हिरवं कुपन फाडून दिलं होतं. ते पैसे आलेच नव्हते; मुलीनं फसवलं असेल किंवा तिच्या खात्यात ते परतही गेले असतील. अण्णांनी वहीत लिहिलं, '८.१०, १ वडी, माझी चूक', आणि स्वतःच्या खिशातून पन्नासची नोट काढून पिशवीत टाकली. धाकटीच्या खिळ्यावर मात्र हिरवी कुपनं २५७ निघाली. तीन माणसं पैसे देऊन वडी न घेताच गेली होती. घंटा थोडी लवकर वाजायला हवी होती, असं ती म्हणाली.

तीन दिवसांत ६९० प्लेटा वडी, २४० पोळ्या, २१० सरबतं. विक्री ५२,८०० रुपये. भाडं २३,६००, सामान १५,६६०, टेम्पो-गॅस-प्लेटा ४,६००, भांडी घासायला आणि पाणी भरायला आलेल्या मुलाचे २,१००. हातात राहिले ६,८४०. तिघांच्या चार दिवसांच्या मेहनतीला हे भागलं तर दिवसाला माणशी पाचशे सत्तर रुपये, भांडी घासणाऱ्या मुलापेक्षा कमी, आणि हे गणित धाकटीनं रविवारी रात्रीच करून दाखवलं. मागच्या वर्षी शंभर रुपयांच्या विक्रीतले त्र्याऐंशी भाड्यात गेले होते, यंदा पंचेचाळीस. थोरलीचं म्हणणं, बघायचं ते हे.

रविवारी रात्री आवराआवर करताना कढईतलं तेल गार व्हायला ठेवलं होतं. तीन संध्याकाळी भट्टीवर असल्यानं ते काळपट आणि दाट झालं होतं, रोज थोडं नवं घालूनही. तळणाच्या तेलातल्या खराब झालेल्या अंशाला नियमानं २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मोजायचं यंत्र त्यांच्यापाशी नव्हतं, पण नुसत्या तेलालाच फेस यायला लागला की ते संपलं, हे घरातल्या बाईला कळतं. ते डब्यात भरून टाकून द्यायला वेगळं ठेवलं. कढईखाली, मॅटवर तेलाचे डाग पडू नयेत म्हणून, मागच्या वर्षीची सात पदार्थांची रंगीत पाटी पालथी घातली होती. तरी एका कोपऱ्यात डाग पडलाच, आणि अनामतीतले दोनशे रुपये कापले गेले.

अनामत परत द्यायला आलेल्या माणसानं पुढच्या वर्षीचा अर्जही आणला होता. कोपऱ्याचा स्टॉल, दोन्ही बाजूंनी उघडा, पंधरा टक्के जास्त. तेवीस हजार, कर धरून २७,१४०. थोरलीनं अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडला. ७५४ प्लेटा. दिवसाला २५१.

"त्रेचाळीस सेकंद," ती म्हणाली.

"कढई पंचवीसला देतेय," धाकटी म्हणाली, "पण दोन्ही बाजूंनी लोक आले तर दोन खिळे लागतील. आणि अण्णा एकच आहेत."

अण्णा टेबलाच्या कडेपासून मागच्या कापडी भिंतीपर्यंत पावलं टाकत होते. दहा फुटांत दुसरी भट्टी मांडली तर सिलिंडर कुठं ठेवायचा, एवढंच त्यांना बघायचं होतं.